शाळेतल्या मंडळाचे नियम

श्रोते हो, शाळेत एखादे मंडळ निघाले, मग ते निसर्गमंडळ असो की वाचनमंडळ, पहिल्याच बैठकीत गुरुजी म्हणतात, "चला, आता आपण आपले नियम करू." खडू हातात येतो आणि पाऊण तासात फळा भरून जातो. सर्वांशी प्रेमाने वागावे. शिस्त पाळावी. झाडांचे रक्षण करावे. मंडळाच्या वस्तू नीट वापराव्यात. एकमेकांचा आदर करावा. चांगल्या अक्षराचा एखादा मुलगा हे सारे जाड कागदावर लिहून काढतो, कागद भिंतीवर चढतो, आणि दिवाळीपर्यंत त्याच्यामागे पालीचे बिऱ्हाड होते. ते नियम कोणी मोडीत नाही, कारण ते मोडताच येत नाहीत. अमक्याने काल प्रेमाने वागायचे सोडले, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

फळ्यावर जे लिहिले ती तत्त्वे झाली. ती वाईट नाहीत, पण त्यांच्यापासून नियमापर्यंत थोडी वाट चालावी लागते. ती कशी चालायची, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरणातली शाळा मी कल्पनेने उभी केली आहे, पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या गावात ती ठेवली तर शेजारच्या गावकऱ्यांना ती ओळखीची वाटावी. २००१ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित सेनेची योजना काढली, तेव्हापासून शाळाशाळांतून निसर्गमंडळे निघाली. तसेच हेही एक. सहावी ते आठवीची चौतीस मुले-मुली त्यात आहेत. सहा बादल्या, चार फावडी, दोन झाऱ्या, एक सब्बल आणि कोणीतरी देणगी दिलेली एक दुर्बीण, ही त्याची मालमत्ता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बैठक भरते. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कापूस आहे, नाहीतर घरचे लोक दुसऱ्याच्या कापसावर मजुरीला जातात. काही मुलांची घरची बोली मराठी, काहींची गोंडी, काहींची कोलामी, काहींची बंजारा.

आता फळ्यावरचे एक वाक्य उचला: 'झाडांना वेळेवर पाणी घालावे.' यात चूक काय? चूक व्याकरणात लपली आहे. आपल्या मराठीतले हे 'करावे, घालावे, वागावे' मोठे सोयीचे आहे. त्यात करणाराचे नाव सांगावे लागत नाही. पाणी घालावे, पण कोणी? वेळेवर म्हणजे केव्हा? झाड वाळले तर चौतीसही जण एकमेकांकडे पाहतात आणि एकाचेही खोटे ठरत नाही. हेच वाक्य असे लिहून पाहा: 'पाळीच्या यादीत ज्याचे नाव असेल तो सभासद त्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी आपल्या ओळीतल्या झाडांना प्रत्येकी अर्धी बादली पाणी घालील.' वाक्य लांबले, थोडे रुक्ष झाले. पण आता मंगळवारी कोणाची पाळी होती आणि पाणी पडले की नाही, हे आळ्याकडे पाहून कोणीही सांगू शकतो. 'वे'च्या जागी 'ईल' आला की करणारा पुढे यावाच लागतो. नियम लिहायला बसलेल्या मंडळींनी आधी फळ्यावरच्या प्रत्येक 'वे'वर खूण करावी, असे मी सुचवीन. (आणि हे वाक्य मी 'करावी' असेच म्हणालो, कारण ती माझी सूचना आहे, नियम नव्हे.)

आणखी काही शब्द असेच पकडायचे असतात. 'शक्यतो', 'योग्य ती कार्यवाही', 'गैरवर्तन', 'इत्यादी'. 'गैरवर्तन करणाऱ्यावर योग्य ती कार्यवाही केली जाईल' या वाक्यात काय केल्यावर काय होईल, यातले काहीच कळत नाही. कळते एवढेच, की ज्याच्या हाती अधिकार आहे तो त्या दिवशी जसा असेल तसे होईल. मुलांना ते बरोबर कळते.

तत्त्वापासून नियमापर्यंतची ही वाट आपल्या देशाने एका फार मोठ्या प्रश्नात चालून दाखवली आहे. संविधानसभेने अस्पृश्यता नष्ट केल्याचा अनुच्छेद २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केला, आणि तो आज आपल्या संविधानात सतरावा आहे. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध आहे, आणि तिच्यामुळे कोणावर काही निर्बंध लादला तर तो कायद्याने शिक्षेस पात्र गुन्हा होईल, असा त्याचा आशय. केवढे मोठे वाक्य! पण गावच्या फौजदाराने नेमके काय पाहायचे, हे त्यात नाही आणि असायचे कारणही नव्हते. ते आले १९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. तिथे भाषा एकदम खाली जमिनीवर उतरते: विहीर, नळ, पाणवठा, उपाहारगृहातली भांडी, दुकान, दवाखाना, देऊळ. अमुक ठिकाणी अडवले तर गुन्हा, आणि त्याला अमुक शिक्षा.

त्या कायद्यातले बारावे कलम तर नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगे आहे. अडवणारा माणूस नेहमी म्हणणार, "मी काही जातीमुळे अडवले नाही हो, भांडे धुतलेले नव्हते." मनातला हेतू कोण सिद्ध करील? म्हणून कायदा म्हणतो की ज्याच्या बाबतीत कृत्य घडले तो अनुसूचित जातीचा असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय धरून चालेल; तसे नव्हते हे आरोपीने दाखवून द्यायचे. म्हणजे पाहायची ती कृती, आणि मनातल्या हेतूचे ओझे ज्याने कृती केली त्याच्या डोक्यावर.

आपल्या निसर्गमंडळात हे कुठे लागू पडते? रांजणापाशी. 'सर्व सभासद समान आहेत' हे तत्त्व फळ्यावर आहे. पण बैठकीनंतर घामाघूम झालेली मुले पाणी प्यायला जातात तेव्हा कोणी स्वतः बुडवून घेतो आणि कोणाला वरून ओतून दिले जाते, हे डोळे उघडे ठेवले तर दिसते. झाडून काढायचे काम रोज मुलींकडे किंवा त्याच त्या दोन मुलांकडे कसे जाते, हेही दिसते. कोणी मुद्दाम करतो असे नाही. घरून जे पाहिले ते हात करतात. इथे 'समानतेने वागावे' कामाला येत नाही. कामाला येते ते असे: 'रांजणातले पाणी प्रत्येक सभासद लांब दांड्याच्या ओगराळ्याने स्वतः घेईल, कोणी कोणाला वरून ओतणार नाही. पाणी भरणे, झाडणे आणि अवजारे धुणे ही कामे हजेरीच्या क्रमाने येतील आणि पाळी कोणी दुसऱ्याला देणार नाही.' यात जात, मुलगा, मुलगी हे शब्दसुद्धा नाहीत. हजेरीच्या क्रमाला ते माहीतच नसते.

बोलण्याचा नियम त्याहून अवघड. तत्त्व असे की एकमेकांचा आदर करावा. प्रत्यक्षात काय होते? कोलाम पोडावरून येणारी मुलगी बैठकीत बोलायला उठते, तिच्या तोंडून घरचा एखादा शब्द निघतो, आणि मागून कोणीतरी तोच शब्द वेडावून म्हणतो. सारी बैठक हसते. ती खाली बसते आणि पुढे महिनाभर बोलत नाही. विचारले तर मागचा मुलगा म्हणतो, "सर, म्या तं मजाक केली." खोटे बोलत नाही तो, त्याच्या लेखी ती मजाकच होती.

म्हणून इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. टोपणनावे मुलांत चालतातच. 'लंबू' म्हटलेले एखाद्याला आवडते, एखाद्याला नाही. त्याला नियम पुरतो तो असा: 'ज्याला टोपणनावाने हाक मारली त्याने एकदा "नको" म्हटल्यावर पुन्हा तशी हाक मारली तर नियम मोडला.' पण जात, जमात, बोली, शरीरातले व्यंग यांवरून चिडवणे किंवा नक्कल करणे याला 'एकदा नको म्हणा' ही अट लावून भागत नाही. ज्याला सर्वांत जास्त लागते तोच सर्वांत कमी बोलतो. तिथे पहिल्याच वेळी नियम मोडला असे धरायचे, आणि 'मजाक होती' हे उत्तर म्हणून घ्यायचे नाही. हीच ती बाराव्या कलमाची रीत, शाळेच्या मापाने कापलेली.

आता हजेरी. जवळजवळ प्रत्येक मंडळाच्या नियमात एक वाक्य असते: 'सलग तीन बैठकांना गैरहजर राहणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल.' पाहायला किती नेटके! करणारा स्पष्ट, मोजमाप स्पष्ट, परिणाम स्पष्ट. आताच आपण ज्या कसोट्या लावल्या त्या सगळ्यांत तो उत्तीर्ण होतो. तरी तो वाईट नियम आहे, आणि ते समजण्याचा एकच मार्ग म्हणजे तो गेल्या वर्षावर चालवून पाहणे. मागच्या वर्षीची बैठकांची हजेरी काढा आणि बोट ठेवून पाहा, की हा नियम असता तर कोणाची नावे गळली असती. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटतो, पहिला वेचा निघतो, मग दुसरा, मग तिसरा. शनिवारी दुपारी हात मोकळे असलेले पोर घरी कोण बसू देतो? "सर, कापूस येचाले गेलो होतो," हे उत्तर त्या दोन-तीन महिन्यांत आपल्या शाळांतून किती वेळा ऐकू येते, हे शिक्षक श्रोत्यांना मी सांगायला नको. दिवाळीनंतर काही घरची मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीलाही जातात. म्हणजे हा नियम आळशी मुलांना गाळणार नाही. तो नेमका मजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या मुलांना गाळील, आणि कोणी वाईट हेतू न ठेवता गाळील. नियम जितका काटेकोर, तितकी त्याची चूकही काटेकोर चालते, हे लक्षात ठेवलेले बरे.

मग नियम असा होतो: 'बैठकीला येता येणार नसेल तर सभासद स्वतः किंवा दुसऱ्या सभासदाकडून आधी कळवील. कळवलेली गैरहजेरी मोजली जाणार नाही. न कळवता तीन बैठका चुकल्या तर वर्गप्रतिनिधी त्याला भेटून कारण विचारील. परत आलेल्या सभासदाचे नाव व पाळी पूर्वीसारखीच राहील.' यात कोणाचेही सभासदत्व जात नाही. मंडळाला हवे होते ते तेवढेच, पाणी घालायला आज कोण येणार नाही हे आधी कळावे.

शिक्षेचा विषय निघाला की मुले मोठ्यांपेक्षा कडक होतात, हा अनुभव सार्वत्रिक असावा. मुलांना विचारा, फावडे हरवले तर काय करायचे? "पन्नास रुपये दंड!" "दहा उठाबशा!" "प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करा!" इथे गुरुजींनी खडू खाली ठेवून मुलांना एक गोष्ट सांगावी लागते. बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्याचे सतरावे कलम म्हणते की मुलाला शारीरिक शिक्षा देता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही. उठाबशा पहिल्यात बसतात. सगळ्या शाळेसमोर उभे करून लाजवणे दुसऱ्याच्या फार जवळ जाते. मंडळाने एकमताने ठराव केला म्हणून ते चालेल असे नाही. मंडळाच्या नियमाला कायद्यापुढे काही किंमत नाही. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण नववी-दहावीच्या मंडळाने तरी याहून वेगळे का वागावे?

दंडाचे पैसे मुलगा देत नाही, त्याचा बाप देतो. आणि ज्याला पन्नास रुपये जड नाहीत त्याला तो दंड नसतो, भाडे असते. आणखी एक सुचवणी हमखास येते: नियम मोडणाऱ्याने आठवडाभर झाडांना पाणी घालावे. ही मला सर्वांत वाईट वाटते. ज्या कामासाठी मंडळ काढले तेच काम शिक्षा म्हणून दिले, की ते काम हलके ठरले. झाडू आणि बादली यांना आपल्याकडे आधीच पुरेसा कमीपणा चिकटलेला आहे.

मग उरते काय? उरते ते लहान असते, पण पुरते. वस्तू हरवली किंवा मोडली तर ज्याच्या नावावर ती वहीत लिहिली होती तो त्याच दिवशी सांगील. सांगितले तर काही नाही, शिक्षकांबरोबर बसून ती दुरुस्त करायला मदत करायची. लपवले तर पुढच्या दोन बैठकांत त्याला अवजार किंवा दुर्बीण नावावर मिळणार नाही. वेडावून दाखवले, तर शिक्षकांसमोर एकांतात त्या मुलाशी बोलायचे. मात्र आधी त्या मुलाला विचारायचे, तुला असे बोललेले चालेल का. तेच पुन्हा झाले तर तीन बैठका बाहेर, आणि पालकांशी शिक्षक बोलतील. तीन बैठका संपल्या की तो आपोआप परत. शिक्षेला शेवटची तारीख हवी. ती नसली तर मुले मनात ती कायमची चालू ठेवतात.

हे ठरवणार कोण? दोन सभासद आणि एक शिक्षक अशी तिघांची समिती पुरते. तक्रार ज्याच्याबद्दल किंवा ज्याची, त्याचा भाऊ-बहीण किंवा जिवलग मित्र समितीत असेल तर त्या प्रकरणापुरता तो उठेल आणि पुढच्या क्रमांकाचा बसेल. ज्याच्यावर तक्रार आहे त्याचे आधी ऐकून घेतले जाईल. आठ दिवसांत निकाल होईल, आणि तो एका वहीत चार गोष्टींनी लिहिला जाईल: तारीख, कोणता नियम, काय घडले, काय ठरले. ती वही बैठकीत वाचायची नाही. तक्रार शिक्षकांविरुद्ध असेल तर ती समितीकडे न जाता मुख्याध्यापकांकडे जाईल. हे वाक्य नियमांत आहे की नाही, हे मुले फार बारकाईने पाहतात. नसेल तर बाकीचे नियम कोणासाठी आहेत, हे ती ओळखतात.

एक प्रकारची तक्रार मात्र या तिघांनी हातात घ्यायचीच नाही. कोणी कोणाच्या अंगाला नको तसा हात लावला, कोणाला मारहाण झाली, कोणी भीती घातली, अशा गोष्टीची चौकशी मुलांनी करायची नसते. मंडळाच्या शिक्षकांनीही 'आपसात मिटवू' म्हणायचे नसते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे असे काही कळले किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणे हे मोठ्या माणसाचे कर्तव्य आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाला मात्र न कळवल्याबद्दल शिक्षा नाही. तेव्हा नियमात साधे वाक्य असू द्या: 'असे काही घडले तर सभासद मुख्याध्यापकांना किंवा ज्या शिक्षकांवर त्याचा विश्वास आहे त्यांना लगेच सांगील, समिती याचा निकाल करणार नाही.' आणि खाली १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या आकड्यांत.

नियम कुठे लागू, हेही लिहून टाकावे लागते. बैठकीत, मंडळाच्या सहलीत आणि मंडळाच्या नावाने मोबाईलवर जो गट असेल त्यात. रविवारी नाल्यावर दोन मुले भांडली तर ते त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे भांडण. सहल टिपेश्वरला गेली तर तिथे अभयारण्याचे नियम वरचे. गाडीतून उतरायचे की नाही हे मंडळाने ठरवायचे नाही, ते तिथल्या वाघांच्या आणि वनरक्षकांच्या अखत्यारीतले आहे.

मग फळ्यावरची ती तत्त्वे पुसून टाकायची का? नाही. नियमांच्या वर दोन ओळींत ती राहू द्यावीत. आपल्या संविधानातही राज्यधोरणाची निदेशक तत्त्वे आहेत, आणि सदतिसावा अनुच्छेद स्वच्छ सांगतो की ती कोणत्याही न्यायालयाकडून अंमलात आणून घेता येणार नाहीत. तरी राज्यकारभारात ती मूलभूत आहेत. मंडळातही तसेच. नियमात न बसणारे काही घडले, किंवा नियमाचे दोन अर्थ निघाले, की वरच्या दोन ओळींकडे पाहून कोणता अर्थ घ्यायचा ते ठरवता येते. शिक्षा मात्र त्या ओळींवरून कोणालाही द्यायची नाही.

सारे मिळून सात-आठ नियम, एका कागदावर, दोन-तीन मिनिटांत मोठ्याने वाचून होतील इतके. वाचून झाल्यावर बैठकीला न आलेल्या एखाद्या सहावीच्या मुलाला तो कागद द्या आणि एकेक नियम त्याच्या शब्दांत सांगायला लावा. तो वेगळेच सांगू लागला तर चूक त्याची नसते. ते वाक्य पुन्हा लिहायचे. वर्षाअखेरी निकालांची वही उघडून पाहायची: कोणता नियम एकदाही लागला नाही, आणि कोणता सगळ्यांनीच मोडला. सगळेच मोडतात तो नियम आधी तपासायचा, मुले नंतर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या शनिवारी सहावीत नवी आलेली मुले बैठकीला बसतील. हे नियम करताना त्यांना कोणी विचारलेले नाही, तेव्हा कागद त्यांच्यापुढे वाचायचा, आणि एखाद्याने "हे असं काहून?" विचारले तर ती शंका वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवायची.